धान्यातील फेस आणि कडवटपणा : किनोआ, हरभरा व सोयाबीन यांतील सॅपोनिने

(ग्रामीण पोषण कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रिठ्याची टरफले पाण्यात भिजत घालून हाताने चोळली की भांडे फेसाने भरून जाते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने घरी पाहिलेले आहे. शिकेकाईने केस धुताना, रिठ्याने रेशमी लुगडे किंवा सोन्याचे दागिने साफ करताना जो फेस येतो, तो साबणाचा नसतो. तरीही तो साबणाचेच काम करतो. हा फेस ज्या द्रव्यामुळे येतो त्या द्रव्यांच्या कुळाला 'सॅपोनिन' असे नाव आहे. लॅटिन भाषेत साबणाला 'सापो' म्हणतात; त्यावरून हे नाव आले. रिठ्याचे पाणी चुकून तोंडात गेले तर जीभ कडू होते आणि घसा खवखवतो, हाही अनुभव पुष्कळांना असेल. फेस आणि कडवटपणा ही या द्रव्याची दोन सहज ओळखता येणारी लक्षणे होत.

रिठा कोणी खात नाही. परंतु हेच कुळ हरभऱ्यात आहे, सोयाबीनमध्ये आहे, आणि अलीकडे शहरांतील दुकानांत दिसू लागलेल्या किनोआ या दक्षिण अमेरिकेतील धान्यात तर ते विशेष ठळकपणे आढळते. त्यामुळे काही प्रश्न साहजिकच उपस्थित होतात. डाळ शिजताना वर येणारा फेस काढून टाकावा की ठेवावा? किनोआ किती वेळा धुवावा? सोयाबीनचे दूध उकळताना एवढे का फसफसते? आणि या द्रव्यामुळे अन्नातील लोह, जस्त किंवा इतर पोषकद्रव्ये शरीराला कमी मिळतात, असे जे म्हटले जाते त्यात तथ्य किती? या प्रश्नांची उत्तरे एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहेत, ती म्हणजे सॅपोनिन दाण्याच्या कोणत्या भागात असते. आजच्या विवेचनाचा धागा तोच आहे.

एका रेणूची दोन टोके

सॅपोनिनाचा प्रत्येक रेणू दोन भागांचा बनलेला असतो. एक भाग शर्करेचा. त्याला पाण्याचे आकर्षण असते. दुसरा भाग तेलकट स्वभावाचा. तो पाण्यापासून दूर राहू पाहतो आणि स्निग्ध पदार्थांकडे ओढला जातो. असे रेणू पाण्यात मिसळले की ते पृष्ठभागावर येऊन रांगेने उभे राहतात, शर्करेचे टोक पाण्यात आणि तेलकट टोक हवेत. पाणी हलविले की हवेचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती या रेणूंचे आवरण बसते. म्हणून तो बुडबुडा लवकर फुटत नाही. साबण हेच करतो. शुद्ध पाण्याचा फेस क्षणात विरतो, सॅपोनिनाचा फेस पुष्कळ वेळ टिकतो. ओळख पटविण्यास हा टिकाऊपणाच उपयोगी पडतो.

याच दुतोंडी स्वभावामुळे सॅपोनिनाचा जिवंत पेशींशी संबंध येतो. पेशीभोवतीचे पातळ पटल मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचे असते आणि प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते. सॅपोनिनाचे तेलकट टोक कोलेस्टेरॉलशी जोडी जमविते आणि पटलाला बारीक छिद्रे पडतात. परीक्षानळीत रक्ताच्या तांबड्या पेशींवर काही सॅपोनिने टाकली तर त्या पेशी फुटून जातात, त्याचे कारण हेच.

आपल्याकडील मत्स्यव्यवसायात या गुणाचा उपयोग जाणूनबुजून केला जातो. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील मरळ, शिंगाडा यांसारखे बीज खाणारे मासे नाहीसे करावे लागतात. त्यासाठी हेक्टरी सुमारे २,००० ते २,५०० किलो मोहाची पेंड पाण्यात टाकण्याची शिफारस आहे. त्या पेंडीतील सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांतून थेट रक्ताशी भिडते आणि मासे मरतात. दोन ते तीन आठवड्यांत त्या पाण्यातील विषाचा प्रभाव ओसरतो, पेंडीचे खत होते, आणि मग बीज सोडता येते. अशा रीतीने मेलेले मासे माणसे खातात आणि त्यांना काही होत नाही. हा विरोधाभास नीट समजून घेण्यासारखा आहे. माशाच्या बाबतीत द्रव्य कल्ल्यातून सरळ रक्तात जाते. माणसाच्या बाबतीत ते पोटातून आतड्यात जाते, तेथून मूळ स्वरूपात फारच थोडे रक्तात शिरते, आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याची शर्करा तोडून त्याचे बळ कमी करतात. 'रक्तपेशी फोडणारे द्रव्य' एवढेच ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, ते यासाठी.

किनोआ : आवरणातील कडवटपणा

किनोआ हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावरील धान्य आहे. बोलिव्हिया आणि पेरू हे त्याचे मुख्य देश. आपल्याकडे भाजीसाठी वापरला जाणारा चाकवत त्याच्याच कुळातला. बोलिव्हियाच्या दक्षिण भागात, उयुनी येथील विस्तीर्ण मिठागराच्या काठी, समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरांहून अधिक उंचीवर, जेथे दुसरे पीक क्वचितच तग धरते तेथे किनोआ पिकतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर या धान्याचे नाव जगभर झाले.

किनोआचे सॅपोनिन जवळजवळ सर्व दाण्याच्या बाह्य आवरणात असते. ते पिकाचे चिलखत आहे. पक्षी कडू दाण्याला सहसा तोंड लावीत नाहीत. बोलिव्हियात उंबेर्तो गांदारियास या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात 'साहामा' नावाचे गोड, म्हणजे जवळजवळ सॅपोनिनविरहित, वाण तयार केले. त्यांनीच हेही दाखविले की कडू-गोडपणा मुख्यतः एकाच जनुकावर ठरतो आणि त्यात कडूपणा वरचढ असतो. पुढे २०१७ साली किनोआच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा या कडूपणाचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाचाही शोध लागला. परंतु गोड वाणाच्या शेतावर पक्ष्यांचे थवे उतरतात. शिवाय कडूपणा वरचढ असल्याने शेजारच्या शेतातील पराग आला की पुढील पिढीत कडू झाडे पुन्हा डोके वर काढतात. म्हणून कडू किनोआ पेरायचा आणि कापणीनंतर कडूपणा काढायचा, हा जुना मार्ग तेथील शेतकऱ्यांनी सोडलेला नाही.

हा जुना मार्ग मोठा कष्टाचा आहे. उयुनीच्या परिसरात स्त्रिया दाणे प्रथम भाजून घेत, दगडाच्या उखळवजा खळग्यात ते एका पांढऱ्या मातीबरोबर टाकीत आणि त्यावर पायांनी नाचत घासत. घासल्याने आवरण निघे आणि माती कडू भुकटी शोषून घेई. मग पाखडणे, मग धुणे, मग उन्हात वाळविणे. आजच्या कारखान्यांत हेच काम दोन पायऱ्यांनी होते. आधी खरखरीत पृष्ठभागाच्या यंत्रात दाणे कोरडेच घासतात आणि भुकटी वाऱ्याने वेगळी करतात. त्यानंतर थोडा वेळ थंड पाण्यात धुऊन लगेच वाळवितात. पहिल्या पायरीमुळे पाण्याची बचत होते. ही भुकटी नाकातोंडात गेल्यास शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात, म्हणून यंत्राजवळ तोंडाला कापड बांधणे आवश्यक असते.

घासण्याला मर्यादा आहे. गव्हाच्या दाण्यात अंकुर एका टोकाला असतो. किनोआत मात्र तो दाण्याच्या कडेने कड्यासारखा गुंडाळलेला असतो, आणि धान्यातील प्रथिने, स्निग्धांश व खनिजे यांचा मोठा भाग या अंकुरातच असतो. आवरणाच्या लगत खालीच तो असल्यामुळे घासणे जास्त झाले की कडूपणाबरोबर पोषणही भुकटीत जाते. दाणे फुटलेले दिसू लागले, भुकटीत अंकुराचे बारीक तुकडे आढळू लागले, की यंत्राचा जोर वाढला आहे असे समजावे.

फेसाची मोजणी

दाण्यात सॅपोनिन किती उरले आहे हे ठरविण्यासाठी प्रत्येक वेळी प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागत नाहीत. इक्वेडोरमध्ये किनोआवर काम करणाऱ्या मायकेल कोझिओल या संशोधकाने १९९० च्या सुमारास फेसाच्या उंचीवरून सॅपोनिन मोजण्याची एक पद्धत बसविली. ती माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल इतकी सोपी आहे.

१६ सेंटिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर व्यासाची परीक्षानळी घ्यावी. तीत अर्धा ग्रॅम अखंड दाणे आणि ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळीला बूच लावून ती ३० सेकंद जोराने हलवावी. अर्धा तास स्थिर ठेवावी. पुन्हा ३० सेकंद हलवावी आणि पुन्हा अर्धा तास ठेवावी. तिसऱ्यांदा ३० सेकंद हलवून शेवटी एक झटका द्यावा, म्हणजे कडेला चिकटलेले पाणी खाली येते. मग पाच मिनिटे थांबून फेसाची उंची सेंटिमीटरमध्ये, एक दशांशापर्यंत, मोजावी. ही पाच मिनिटे महत्त्वाची. कच्चा फेस तेवढ्यात बसून जातो आणि टिकाऊ फेसच उरतो.

आता हिशेब. फेसाच्या उंचीला ०·६४६ ने गुणावे, त्यातून ०·१०४ वजा करावे आणि उरलेल्या संख्येला दाण्यांच्या वजनाने, म्हणजे ०·५ ने, भागावे. दर ग्रॅम दाण्यांत किती मिलिग्रॅम सॅपोनिन आहे ते मिळते. समजा, न धुतलेल्या नमुन्यात फेस ५ सेंटिमीटर आला. ५ गुणिले ०·६४६ म्हणजे ३·२३. त्यातून ०·१०४ गेले म्हणजे ३·१२६. याला ०·५ ने भागले की सुमारे ६·२५ येतात. म्हणजे दर ग्रॅमला सव्वासहा मिलिग्रॅम, किंवा शेकडा ०·६३. हा दाणा कडू आहे. आता तोच नमुना धुऊन पुन्हा तपासला आणि फेस १ सेंटिमीटरवर आला, तर हिशेब शेकडा ०·११ च्या जवळ येतो. कोझिओल यांनी माणसांच्या जिभेच्या चाचणीशी ताडून पाहिले तेव्हा शेकडा ०·११ पर्यंतचे धान्य गोड मानावे असे त्यांना आढळले. किनोआसाठी २०१९ साली स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही प्रक्रिया केलेल्या धान्यासाठी ०·१२ टक्के ही मर्यादा आहे. तेव्हा 'एक सेंटिमीटर फेस' ही व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखी खूण होय.

याचाच अर्थ असा की ०·६३ टक्क्यांच्या एक किलो धान्यात सव्वासहा ग्रॅमच्या आसपास सॅपोनिन असते आणि त्यातील सुमारे पाच ग्रॅम काढून टाकावे लागते. घरी धुताना थंड पाणी घ्यावे, दाणे तळव्यांत चोळावेत, पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा नवे घ्यावे. चारपाच पाण्यांनंतर फेस टिकेनासा होतो. एवढे सर्व पंधरावीस मिनिटांत आटोपावे. पाणी गरम घेतले तर दाण्याचा पिष्टमय भाग चिकट होतो. दाणे रात्रभर भिजत ठेवले तर ते पाणी पितात आणि किनोआला मोड फार लवकर येतात; मग असे धान्य वाळवून ठेवता येत नाही. धुतलेले धान्य लगेच शिजवायचे नसेल तर पातळ थर देऊन त्याच दिवशी कडक वाळवावे. दुकानातील पुष्कळसा किनोआ आधीच धुतलेला असतो. तो पुन्हा किती धुवावा, हे एका उभ्या काचेच्या बाटलीत चिमूटभर दाणे पाण्याबरोबर हलवून पाहिले तरी समजते.

या धुण्याच्या पाण्याचीही व्यवस्था हवी. गावात किनोआवर प्रक्रिया करण्याचा उद्योग कोणी सुरू केला, तर ते पाणी ओढ्यात किंवा मत्स्यतळ्यात सोडू देता कामा नये. मोहाच्या पेंडीने मासे का मरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यामागचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

हरभरा व सोयाबीन : दाण्याच्या आतले द्रव्य

हरभरा आणि सोयाबीन यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे सॅपोनिन टरफलात नसून दाण्याच्या आतील दलांत, म्हणजे ज्यांची डाळ होते त्या भागात, आणि अंकुरात असते. सोयाबीनचा अंकुर वजनाने दाण्याच्या शेकडा दोन इतकाच असतो, परंतु त्यात सॅपोनिनाचे प्रमाण दलांच्या कित्येक पट असते. जिभेला सर्वांत कडू व तुरट लागणारा प्रकारही तेथेच असतो. तेव्हा किनोआप्रमाणे वरवर धुऊन किंवा टरफल काढून येथे फारसा लाभ होत नाही. हरभऱ्याची डाळ झाली तरी सॅपोनिन डाळीतच राहते.

प्रमाणाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. काही जुन्या तक्त्यांत हरभऱ्यातील व सोयाबीनमधील सॅपोनिन चारपाच टक्क्यांपर्यंत दाखविलेले आढळते. त्या काळच्या मोजणीच्या पद्धती स्थूल होत्या. प्रत्येक प्रकारचे सॅपोनिन वेगळे करून मोजण्याची साधने आल्यावर हे आकडे पुष्कळच खाली, एक टक्क्याच्या आत आले. शिक्षकांनी जुने कोष्टक वापरताना हा फरक ध्यानात ठेवावा.

दुसरा खुलासा फेसाचा. किनोआतील फेसाची मोजणी हरभऱ्याला व सोयाबीनला लावता येत नाही. डाळीच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनेही फेस करतात आणि तो फेसही टिकतो. डाळ शिजताना भांड्याच्या काठावर जो फेस चढतो, तो प्रथिने आणि सॅपोनिन या दोघांचा असतो. म्हणून फेस पुष्कळ आला याचा अर्थ सॅपोनिन पुष्कळ आहे, असा होत नाही.

हरभरा भिजविला आणि भिजविलेले पाणी ओतून दिले तर थोडे सॅपोनिन निघून जाते. शिजविताना त्याहून अधिक पाण्यात उतरते. त्याशिवाय कच्च्या हरभऱ्यात व सोयाबीनमध्ये जे मुख्य सॅपोनिन असते, त्याच्या रेणूचा एक तुकडा उष्णतेने गळून पडतो आणि दुसरे, साधे सॅपोनिन उरते. म्हणजे शिजविल्याने काही भाग निघून जातो व काही भागाचे रूप बदलते. तो समूळ नाहीसा होत नाही.

आपल्या घरच्या पुरणपोळीत याचे उत्तम उदाहरण आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवितात आणि पाणी निथळून घेतात. तो कट. डाळीतून उतरलेले सॅपोनिन या कटात असते. पण विरघळणारी प्रथिने, खनिजे आणि ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भागही त्याच कटात उतरलेला असतो. म्हणून त्या कटाची आमटी करण्याची जुनी रीत आजच्या ज्ञानाच्या कसोटीवरही योग्यच ठरते. जे थोडे सॅपोनिन त्यात असते त्यापासून निरोगी माणसाला अपाय होत नाही आणि जे पोषण असते ते वाया जात नाही. वर तरंगणारा फेस काढला तर भांडे उतू जात नाही एवढाच त्याचा उपयोग. आरोग्यासाठी तो काढलाच पाहिजे असे नाही.

सोयाबीनच्या दुधाची खोटी उकळी

सोयाबीन हे आज महाराष्ट्राच्या विदर्भ व मराठवाडा भागांतील प्रमुख नगदी पीक आहे. गावोगावच्या बचत गटांनी सोयाबीनचे दूध आणि पनीर करण्यास प्रारंभ केला आहे. येथे फेसाची गोष्ट पोषणाच्या चर्चेपुरती राहत नाही, सुरक्षिततेची होते.

भिजविलेले सोयाबीन वाटून, पाणी घालून, गाळून घेतलेले दूध चुलीवर ठेवले की ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपासच ते फसफसून वर येते. पाहणाऱ्याला वाटते, दूध उकळले. गाईम्हशीच्या दुधाची सवय असलेली गृहिणी अशा वेळी भांडे खाली उतरविते. ही खोटी उकळी होय. सॅपोनिन आणि प्रथिने यांच्या फेसाने दूध वर आलेले असते; ते अजून १०० अंशाला पोचलेले नसते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात. ती पुरेशा उष्णतेने आणि पुरेशा वेळानेच निष्प्रभ होतात. खोट्या उकळीवर उतरविलेल्या दुधात ती शाबूत राहतात, आणि असे दूध प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी असा त्रास होऊ शकतो. चीनमध्ये, जेथे हे दूध रोजच्या वापरात आहे, तेथे शाळकरी मुलांना अर्धकच्च्या दुधाने असा त्रास झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

यावर उपाय सोपा आहे. भांडे निम्मेच भरावे. फेस वर येताच आच मंद करावी, पण बंद करू नये. पळीने सतत ढवळावे. हवे तर खाद्यतेलाचे चार थेंब टाकावेत, त्याने फेस मोडतो. फेस बसून दूध खऱ्या अर्थाने खळखळू लागल्यावर ते आणखी दहा मिनिटे उकळावे. खोट्या उकळीत फेस हलका आणि वर वर चढणारा असतो. खऱ्या उकळीत बुडबुडे तळातून येतात आणि फेस ओसरू लागतो. शालेय आहारासाठी किंवा विक्रीसाठी दूध करणाऱ्या गटाने तापमापक ठेवल्यास शंकेला जागाच उरणार नाही.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. सोयाबीनला जो उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो, तो सॅपोनिनाचा नव्हे. दाणा पाण्याबरोबर वाटला जाताना त्यातील एक विकर तेलावर क्रिया करते, त्यातून तो वास निर्माण होतो. वाटण्यापूर्वी दाणे उकळत्या पाण्यात टाकले किंवा उकळत्या पाण्यातच वाटले तर हा वास बराच कमी होतो. घशात मागाहून जाणवणाऱ्या कडवट-तुरट चवीत मात्र सॅपोनिनाचा वाटा असतो. वास गेला म्हणून सॅपोनिन गेले असे नाही, आणि वास आहे म्हणून दूध कच्चे आहे असेही नाही.

पोषकद्रव्यांच्या शोषणावर परिणाम

आता शेवटचा आणि सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावरील पेशी अन्नातील शर्करा व इतर पोषकद्रव्ये निवडून आत घेतात. हे काम त्या शक्ती खर्च करून करतात. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथे जॉन्सन, गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदराच्या आतड्याचे तुकडे सॅपोनिनाच्या द्रावणात ठेवून पाहिले. काही सॅपोनिनांमुळे त्या पेशींची पटले अधिक सच्छिद्र झाली. निवडून आत घेण्याची क्रिया मंदावली आणि एरवी ज्यांना अटकाव होतो अशी द्रव्ये आत शिरू लागली. उंदरांच्या आहारात विशिष्ट सॅपोनिन मिसळले असता त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा घटल्याचेही निराळ्या प्रयोगांत दिसले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, सर्व सॅपोनिने सारखी प्रभावी नसतात. पेशीपटल फोडण्याच्या कामी सोयाबीनमधील सॅपोनिने दुर्बळ ठरतात. दुसरी, परीक्षानळीत किंवा प्रयोगशाळेतील आहारात शुद्ध सॅपोनिन असते. ताटात ते प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ यांच्यात मिसळलेले असते. तिसरी, आतड्याचा अंतःस्तर काही दिवसांत नवा होत असतो. म्हणून व्यवस्थित धुतलेला किनोआ, शिजविलेला हरभरा किंवा पूर्ण उकळलेले सोयादूध यांमुळे निरोगी माणसाचे शोषण बिघडते, असे म्हणण्यास आधार नाही. सॅपोनिन पित्तरसाशी व कोलेस्टेरॉलशी जोडले जाऊन कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते, असा त्याचा एक लाभ सांगितला जातो. तो मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसला आहे. माणसांत तो तितकासा निश्चित नाही. तेव्हा औषध म्हणून किनोआ न धुता खाणे शहाणपणाचे नाही.

लोह आणि जस्त यांच्या शोषणाला खरा मोठा अडथळा वेगळाच आहे. धान्यांत व कडधान्यांत फायटिक आम्ल असते. ते या खनिजांना घट्ट धरून ठेवते. पुष्कळदा फायटिक आम्लाचा दोष सॅपोनिनाच्या नावावर टाकला जातो आणि त्यामुळे उपायही चुकतो. किनोआ धुतल्याने फायटिक आम्ल काही अंशीच कमी होते, कारण ते मुख्यतः धान्याच्या आत असते. ते अधिक कमी होते भिजवून मोड आणल्याने आणि आंबविल्याने. मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ करणे, तीवर लिंबू पिळणे, या आपल्या स्वयंपाकघरातील रीती लोहाच्या दृष्टीने उपकारक आहेत. लिंबातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढविते. ज्या गावात गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, तेथील कार्यकर्तीने फेस काढण्याऐवजी मोड आणणे आणि लिंबू यांवर भर देणे अधिक फलदायी ठरेल.

थोडक्यात, किनोआचे सॅपोनिन बाहेर आहे, म्हणून ते घासून व धुऊन घालवावे आणि फेस एक सेंटिमीटरवर आला की थांबावे. हरभऱ्याचे व सोयाबीनचे सॅपोनिन आत आहे, म्हणून तेथे भिजविणे आणि पूर्ण शिजविणे हाच मार्ग. सोयादुधाच्या पहिल्या उकळीवर मात्र कोणीही विश्वास ठेवू नये.